दुखते उजवी पाठ, अडतो डावा खुबा

उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी गोल्फरची पाठ दुखायला लागली की तो बहुतेकदा उजव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर बोट ठेवतो. उपचारही तिथेच होतात: शेक, मलम, चार दिवस विश्रांती. दुखणं थांबतं आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत परत येतं. अशा खेळाडूला खुर्चीवर बसवून दोन्ही खुब्यांची हालचाल मोजली, तर पुष्कळदा अडचण भलतीकडेच सापडते. त्याचा डावा खुबा, म्हणजे लक्ष्याच्या बाजूचा खुबा, आतल्या बाजूला पुरेसा वळत नाही.

व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही प्रकारच्या गोल्फरांच्या अभ्यासांत हा संबंध दिसलेला आहे: पाठ दुखणाऱ्यांच्या गटात पुढच्या पायाच्या खुब्याचं आतलं वळण कमी आढळतं. एवढ्यावरून खुबा हेच कारण असं सिद्ध होत नाही, कारण दुखण्यामुळेही हालचाल आखडू शकते. पण स्विंगमध्ये कोणता सांधा किती वळतो हे पाहिलं, की खुबा अडल्यावर पाठीवर काय येतं ते कळतं. ताकदीचा कार्यक्रम आखायची सुरुवातही तिथूनच करावी लागते.

वळण येतं कुठून

कमरेला पाच मणके असतात. त्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात, त्यांचे पृष्ठभाग असे उभे बसवलेले असतात की पुढे-मागे वाकता येतं, पण वळायला गेलं की हाड हाडाला अडतं. म्हणून कमरेचा एकेक मणका जेमतेम एक ते तीन अंश वळतो आणि पाचही मिळून एका बाजूला साधारण दहा ते पंधरा अंश. छातीच्या मागचे बारा मणके मिळून पस्तीसेक अंश वळतात. निरोगी खुबा एकटाच आत पस्तीस-चाळीस अंश आणि बाहेर त्याहून थोडा जास्त वळतो.

आता स्विंग पाहा. बॅकस्विंगच्या टोकाला खांदे नव्वद अंशांच्या आसपास फिरलेले असतात आणि ओटीपोटाचा भाग साधारण पंचेचाळीस. तिथून चेंडूपर्यंत यायला सुमारे पाव सेकंद लागतो. या पाव सेकंदात आधी ओटीपोट लक्ष्याकडे वळू लागतं, त्यामागून छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी काठीचं डोकं. चेंडू गेल्यावरही शरीर थांबत नाही, पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे जाईपर्यंत फिरतं. या सगळ्या वेळात डावा पाय जमिनीत घट्ट असतो. जात्याची खालची तळी स्थिर आणि वरची तिच्यावर फिरते, तसं ओटीपोट डाव्या मांडीच्या हाडावर फिरतं. मांडी स्थिर आणि ओटीपोट तिच्याकडे वळतं, याचाच अर्थ डावा खुबा आत वळतो.

हा खुबा वीस अंशांवर अडला, तरी काठी काही थांबत नाही. उरलेलं वळण शरीर दुसरीकडून काढतं: डावा गुडघा पिळला जातो, पाऊल सरकतं, किंवा कमरेचे मणके आपल्या दहा-पंधरा अंशांच्या टोकाला ढकलले जातात. त्याच क्षणी खेळाडूचं धड उजवीकडे कललेलं असतं आणि मागे ताणलं जात असतं. डावीकडे वळणं आणि उजवीकडे कलणं एकत्र आलं, की उजव्या बाजूचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. बोट उजव्या पाठीवर जातं ते म्हणून.

हा दाब किरकोळ नसतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या मोजमापात स्विंगच्या वेळी कमरेच्या मणक्यांवरचा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट भरला होता. मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं कडं तंतूंच्या थरांचं असतं आणि हे थर एकमेकांना तिरके छेदतात. एका दिशेला पीळ बसला की त्यातले साधारण निम्मेच तंतू ताण घेतात, उरलेले सैल पडतात. नुसता दाब चकती चांगला सोसते. वाकलेल्या किंवा कललेल्या कमरेवर दाब आणि पीळ एकदम आले की तिची सहनशक्ती कमी पडते.

खुबे रोखून धरायचे आणि खांदे जास्तीत जास्त फिरवायचे, हा सल्ला १९९२ नंतर फार पसरला. अमेरिकी प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी खांदे आणि ओटीपोट यांच्या वळणातल्या फरकाला ‘एक्स-फॅक्टर’ हे नाव दिलं आणि हा फरक मोठा असेल तर चेंडू लांब जातो असं मांडलं. लवचीक, तरुण खेळाडूला तो फरक छातीच्या मणक्यांतून मिळतो. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाची छाती आखडलेली असते. तो खुबे रोखतो, तेव्हा फरक कमरेतून काढतो.

म्हणून हौशी गोल्फरच्या कार्यक्रमात कामाची वाटणी स्पष्ट हवी. वळायचं खुब्यांनी आणि छातीने. कमरेने त्यांच्यामधला जोर न पिळता पुढे द्यायचा. वेग वाढवायचा तो ही वाटणी अंगी बाणल्यावर.

आधी मोजा

तीन चाचण्या घरी होतात. लागते एक खुर्ची, एक काठी आणि फोनमधलं पातळी दाखवणारं अॅप.

पहिली खुब्याची. पाय जमिनीला टेकणार नाहीत अशा उंच टेबलावर ताठ बसा, गुडघे काटकोनात. एक मांडी हाताने टेबलावर दाबून धरा आणि त्या पायाचं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. पाऊल बाहेर जातं तेव्हा खुबा आत वळत असतो. कुल्ला उचलायला लागला की थांबा. नडगीवर फोन धरून ती उभ्या रेषेपासून किती अंश कलली ते वाचा. तीसच्या वर असेल तर गोल्फसाठी बरं आहे. पंचवीसच्या खाली असेल, किंवा दोन बाजूंत दहा अंशांहून जास्त फरक असेल, तर काम करायला हवं.

आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते शेवटी काय जाणवतं. खुब्याच्या मागे किंवा बाजूला ताण जाणवला, तर स्नायू आणि सांध्याचं आवरण अडवत आहे. ते सरावाने सैल होतं. जांघेत, पुढच्या बाजूला टोचल्यासारखं झालं आणि हालचाल टणक अडली, तर बहुधा हाडाचा आकारच आड येत आहे. ती जागा जोर लावून मोकळी होत नाही, उलट सांध्याची कड दुखावते. अशा खेळाडूचा मार्ग वेगळा आहे. तो पुढे येतो.

दुसरी चाचणी छातीची. खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा, म्हणजे ओटीपोट हलणार नाही. काठी छातीवर आडवी धरून दोन्ही बाजूंना वळा. पंचेचाळीस अंश, म्हणजे काटकोनाच्या निम्मं वळण दोन्हीकडे मिळायला हवं.

तिसरी कुशीच्या दमाची. कोपरावर आणि पावलांवर आडवं उचलून धरायचं, म्हणजे साइड प्लँक. किती सेकंद टिकता यापेक्षा दोन बाजूंत फरक किती हे पाहा. एक बाजू दुसरीच्या निम्म्यावरच गळत असेल, तर ती बाजू स्विंगमध्येही कमरेला आधार देत नाही.

एक प्रातिनिधिक खेळाडू

पुढचा कार्यक्रम नेमका कळावा म्हणून एक खेळाडू कल्पू. हा माणूस रचलेला आहे, पण असे आकडे घेऊन येणारे पुष्कळ असतात. वय बावन्न, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी, दर रविवारी येरवड्याच्या मैदानावर अठरा होल. उजव्या हाताने खेळतो. बाराव्या-तेराव्या होलनंतर उजवी पाठ धरते, सोमवारी दुपारपर्यंत सुटते. दुखणं पायात उतरत नाही, मुंग्या नाहीत, डॉक्टरांनी तपासून व्यायामाला परवानगी दिली आहे.

त्याचा डावा खुबा आत अठरा अंश वळतो, उजवा बत्तीस. डाव्या खुब्यात शेवटी ताण जाणवतो तो मागच्या बाजूला. छाती डावीकडे पंचेचाळीस वळते, उजवीकडे पस्तीस. साइड प्लँक डाव्या कुशीवर चाळीस सेकंद, उजवीवर बावीस.

याची गोष्ट आकड्यांतच वाचता येते. बॅकस्विंगला छाती उजवीकडे दहा अंश कमी वळते, ती तूट कमरेतून निघते. फॉलो-थ्रूला डावा खुबा लवकर अडतो, ती तूटही कमरेतूनच निघते. एका स्विंगमध्ये दोनदा कमरेला तिच्या वाट्याबाहेरचं काम पडतं आणि उजवी कूस तिला धरून ठेवायला दुबळी आहे. याने जिममध्ये जाऊन पहिल्याच दिवशी मेडिसिन बॉल भिंतीवर आपटायला सुरुवात केली, तर वाढलेला वेग याच वाटेने कमरेत जाईल.

बारा आठवडे हवेत. महाराष्ट्रात यासाठी जून ते ऑगस्टचा काळ सोयीचा आहे. पावसाने पुण्या-मुंबईकडचा खेळ तसाही विस्कळीत होतो, आणि ऑक्टोबरमध्ये मैदानं सुकली की शरीर तयार असतं.

पहिले चार आठवडे: वाट मोकळी करणं

खुब्याचं काम रोज, दहा मिनिटं. आठवड्यातून एकदा तासभर ताणण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं सांध्याला जास्त मानवतात.

जमिनीवर बसा. उजवा पाय समोर, डावा बाजूला मागे, दोन्ही गुडघे काटकोनात. हात मागे टेकून पाठ ताठ ठेवा. या बैठकीत डावा खुबा आत वळलेला असतो. आता डावी नडगी आणि पाऊल दहा सेकंद जमिनीत दाबा, हळूहळू जोर वाढवत. मग गुडघा तिथेच ठेवून पाऊल जमिनीवरून उचलायचा प्रयत्न करा, तोही दहा सेकंद. सुरुवातीला पाऊल हलतच नाही. हरकत नाही, प्रयत्नच महत्त्वाचा. असे चार फेरे. पहिल्या भागात ताणलेले स्नायू जोर लावतात, दुसऱ्यात आखूड झालेले. नुसत्या ताणण्याने मिळालेली हालचाल थोड्या वेळात परत जाते. त्या टोकाला ताकद आली तर ती टिकते आणि स्विंगमध्ये वापरताही येते. जमिनीवर बसणं गुडघ्यांना झेपत नसेल, तर उताणं झोपून पावलं रुंद ठेवा आणि डावा गुडघा आत पाडून हेच करा.

दुसरा व्यायाम उभ्याने. भिंतीला हात टेकून डाव्या पायावर उभे राहा, उजव्या पायाची बोटं नुसती टेकलेली. ओटीपोट आणि छाती एकत्र, एका ठोकळ्यासारखी डावीकडे वळवा आणि परत आणा. आठ वेळा. डावा गुडघा आत पडू देऊ नका. फॉलो-थ्रूची हीच हालचाल आहे, फक्त घाई नसलेली.

छातीसाठी डाव्या कुशीवर झोपा, गुडघे कमरेइतके वर घेऊन त्यांत उशी दाबा आणि वरचा उजवा हात उघडत उजवीकडे मागे न्या. गुडघे वर असले की कंबर जागेवर राहते आणि वळण छातीतच घडतं. बाजूला आठ.

कमरेसाठी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रुळवलेले तीन व्यायाम पुरतात. एक, उताणं झोपून हात कमरेच्या पोकळीखाली ठेवून डोकं आणि खांदे जरासे उचलणं. दोन, साइड प्लँक. तीन, चार पायांवर ओणवं होऊन समोरचा एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं. प्रत्येक पकड दहा सेकंदांची, पाच वेळा. मिनिटभर थरथरत टिकण्यापेक्षा दहा सेकंदांच्या नीट पकडी चांगल्या, कारण दमल्यावर कंबर आकार सोडते. आपला खेळाडू उजव्या कुशीवर दोन पकडी जादा करतो.

याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा जिम. पहिल्या महिन्यात शिकायचं ते मुख्यतः खुब्यातून वाकणं. काठी पाठीवर उभी धरा: डोकं, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड अशा तीन जागी ती टेकायला हवी. गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागे न्या. तीनपैकी एक जागा सुटली तर कंबर वाकली. हे जमलं की दोन्ही हातांत दहा-दहा किलोचे डंबेल घेऊन आठ रेप्सचे तीन सेट. सोबत एक पाय पुढे-एक मागे ठेवून बसण्या, आणि केबल किंवा रबरी पट्ट्याचा पॅलॉफ प्रेस. केबल छातीच्या उंचीवर, तुम्ही तिच्याकडे कूस करून उभे. हँडल छातीपाशी धरून दोन्ही हात सरळ पुढे ढकला आणि तीन सेकंद थांबा. केबल धड वळवायला बघते, तुम्ही वळायचं नाही. वळणाच्या खेळासाठी न वळण्याचा व्यायाम उलटा वाटतो, पण स्विंगमध्ये कमरेचं काम नेमकं हेच आहे.

जिममधल्या काही लोकप्रिय गोष्टी मात्र टाळाव्यात. जमिनीवर बसून, पाय उचलून, वजन डावी-उजवीकडे नेण्याचा ‘रशियन ट्विस्ट’ आणि खांद्यावर रॉड घेऊन उभ्याने पिळणं, दोन्हींत ओटीपोट अडकलेलं असतं आणि सगळं वळण कमरेवर पडतं. गोल्फरला नेमकी जी सवय मोडायची, तीच ते पक्की करतात.

पाच ते आठ: वजन वाढवणं

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजा. आपल्या खेळाडूचा डावा खुबा अठराहून बावीस-चोवीसपर्यंत आला असेल, तर दिशा बरोबर आहे. आठवड्याला एखादा अंश हा वेग ठीक समजावा. रोजचं काम आता दहाऐवजी सहा मिनिटांवर आणता येतं.

या महिन्यात ताकदीवर भर. खुब्यातून वाकून उचलण्याचं वजन दर आठवड्याला थोडं वाढवत नेऊन हातात वीस-वीस किलोपर्यंत न्यायचं, रेप्स सहा. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवा की अजून दोन रेप्स निघाल्या असत्या. पुढे-मागे पायांच्या बसण्या डंबेल घेऊन, डावा पाय पुढे असताना एक सेट जादा, कारण त्याच पायाला पूर्ण वेग झेलून थांबवायचं आहे.

उभं ढकलणं सोडून आता पॅलॉफ प्रेस एका गुडघ्यावर बसून. शिवाय एका हातात सोळा किलो घेऊन तीस मीटर ताठ चालणं, मग हात बदलून परत. वजन उजव्या हातात असताना डावी कूस काम करते आणि डाव्या हातात असताना उजवी. आपल्या खेळाडूने डाव्या हाताची फेरी आधी करावी, ताजा असताना. महिनाअखेर चोवीस किलोपर्यंत जाता येतं.

दुखण्यासाठी एक नियम पाळावा. दहापैकी तीनपर्यंतची, व्यायामानंतर चोवीस तासांत मावळणारी कुरकुर चालते. त्याहून जास्त, किंवा दुसऱ्या दिवशीही उरणारी असेल तर मागच्या आठवड्याच्या वजनावर परत जा. पायात उतरणारी कळ, बधिरपणा, पाऊल उचलायला जड जाणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, अशी लक्षणं दिसली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघांमध्ये बधिरपणा आला, तर त्याच तासाला रुग्णालयात.

नऊ ते बारा: वेग

जड वजन हळू उचलताना पूर्ण जोर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागू शकतो. स्विंगमध्ये आहे पाव सेकंद. म्हणून कमावलेली ताकद लवकर बाहेर काढण्याचा वेगळा सराव लागतो, आणि त्यासाठी मेडिसिन बॉल उत्तम. वजन दोन ते तीन किलो. पाच-सहा किलोचा चेंडू घेतला की हालचाल मंदावते आणि आपण पुन्हा संथ ताकदीकडे जातो.

पक्क्या भिंतीपासून दीड-दोन मीटरवर, तिच्याकडे डावी कूस करून उभे राहा. चेंडू उजव्या खुब्यापाशी दोन्ही हातांत. वजन उजव्या पायावर घ्या, उजव्या पावलाने जमीन ढकला. आधी बक्कल भिंतीकडे वळायला लागू द्या, छाती त्यामागून, हात शेवटी, आणि चेंडू खालून भिंतीवर फेका. शेवटी उजवी टाच उचललेली असावी, बक्कल आणि छाती दोन्ही भिंतीसमोर. एका बाजूला पाच फेकी, मग दुसऱ्या बाजूला पाच. असे तीन सेट, मध्ये दीड मिनिट थांबून. प्रत्येक फेक पूर्ण जोराने, आणि वेग ढळला की सेट संपला. दम लागेपर्यंत फेकत राहण्याने वेग वाढत नाही. डाव्या बाजूने फेकणंही सोडू नका. वर्षानुवर्षं एकाच दिशेने फिरलेल्या धडाला त्याची गरज असते.

दोन चुका हमखास दिसतात. पावलं जमिनीला चिकटवून फेकलं, की ओटीपोट थांबतं आणि कंबर पिळली जाते. उजवी टाच उचललीच गेली पाहिजे. दुसरी, हातांनी फेकणं. तेव्हा खांदे आधी थकतात आणि पाय-कुल्ले ताजेच राहतात. व्हिडिओ मंद करून पाहिला की आधी काय हललं ते लगेच दिसतं.

या महिन्यात जिमचा क्रम असा: अंग मोकळं करणं, मग चेंडूफेक, मग वजनं. फेक ताज्या अंगानेच करायची. प्रगती पाहायला नवव्या आणि बाराव्या आठवड्यात मोकळ्या जागेत तोच चेंडू तसाच बाजूला फेकून अंतर मोजा, तीनपैकी सर्वांत लांब धरा.

हाडच अडत असेल तर

ज्याच्या जांघेत टणक टोचतं, किंवा बारा आठवड्यांनी खुबा पंचवीसच्या पुढे जात नाही, त्याने उभं राहणं बदलावं. बेन हॉगन यांनी १९५७ च्या पुस्तकात उजवं पाऊल काटकोनात आणि डावं सुमारे बावीस अंश बाहेर वळवून ठेवायला सांगितलं आहे. पाऊल आणि मांडी बाहेर वळवून सुरुवात केली, की खुबा अडण्याआधी ओटीपोटाला लक्ष्याकडे तेवढे अंश जास्त मिळतात. याची किंमत बॅकस्विंगमध्ये पडते, तिकडचं वळण थोडं घटतं. ते भरून काढायला बॅकस्विंगला डावी टाच उचलू द्यावी. जॅक निकलॉस यांच्या स्विंगमध्ये ती उचललेली स्पष्ट दिसते. हे बदल प्रशिक्षकासमोर करावेत, कारण चेंडूची दिशा काही दिवस बिघडते.

टायगर वूड्स यांच्या पाठीवर पहिली शस्त्रक्रिया २०१४ मध्ये झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये कमरेचा सर्वांत खालचा मणका त्रिकास्थीला कायमचा जोडावा लागला. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांनी मास्टर्स जिंकली. हा शस्त्रक्रियेचा पुरस्कार नव्हे. त्यांच्या पाठीच्या तक्रारी पुढेही संपल्या नाहीत. पण एक गोष्ट त्यातून दिसते: तळाचा सांधा पूर्ण बंद असतानाही जागतिक दर्जाचा स्विंग होऊ शकतो. त्यासाठी लागणारं वळण शरीरात इतरत्र आहे.

मैदानावरची सकाळ

आपल्याकडे उन्हामुळे टी-टाइम पहाटेचा असतो. रात्री झोपेत मणक्यांच्या चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि उठल्यावरचा पहिला तासभर वाकणं त्यांना सर्वांत जड जातं. साडेपाचला उठून, तासभर गाडी चालवून, थेट पहिल्या टीवर ड्रायव्हर फिरवणं हा पाठीसाठी दिवसातला सर्वांत वाईट स्विंग. दहा मिनिटं आधी पोहोचा. पाच मिनिटं भरभर चाला, खुब्यातून दहा वेळा वाका, भिंतीऐवजी काठीचा आधार घेऊन उभ्याचं वळण दोन्ही पायांवर आठ-आठ वेळा करा. मग छोट्या काठीचे अर्धे स्विंग, आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटी. होलमधून चेंडू काढताना काठीवर हात टेकून एक पाय मागे उचला आणि दुसऱ्या खुब्यातून वाका. अठरा होलमध्ये पाठ तेवढ्या वेळा वाकण्यापासून वाचते.

रेंजवर एका बसक्यात शंभर ड्रायव्हर मारणं म्हणजे तोच पीळ त्याच बाजूला शंभरदा. चेंडू पन्नासवर आणा आणि काठ्या बदलत राहा.

हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एक जिमचा दिवस आणि रोजची सहा मिनिटं मिळवलेलं टिकवायला पुरतात. तो दिवस रविवारच्या खेळापासून निदान दोन दिवस दूर ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन पुन्हा नडगीवर धरा. डावा खुबा पाच अंश मागे गेलेला दिसला, तर पाठ अजून दुखत नसली तरी पहिल्या महिन्याचं दहा मिनिटांचं काम पुन्हा सुरू करा.